आईच्या पोटाच्या घडीतलं लाल चट्टं जातच नाहीत, मलम थांबवलं की दुप्पट होतं

पाऊसपाणी, म्हापसा – ४ जुलै, रात्री १०:४०

आई ६७ वर्षांची आहे, अंगाने भरलेली. गुडघ्यांमुळे दिवसातला बराचसा वेळ खुर्चीतच जातो. मृगाचा पाऊस सुरू झाला तेव्हापासून तिच्या छातीखाली आणि ओटीपोटाची जी वळी पडते त्या घडीच्या आत काचल्यासारखं लाल झालं. सुरुवातीला घामोळं असेल म्हणून पावडर घातली. चार दिवसांनी आग व्हायला लागली, खाज तर इतकी की रात्री झोपेत खाजवून रक्त काढलं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विचारलं. त्यांनी एक मलम दिलं. लावल्यावर दुसऱ्याच दिवशी लाली उतरली, आईने मला शाबासकीही दिली. पाच दिवसांनी थांबवलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वर आलं, आधीपेक्षा मोठं. मग परत तेच मलम, परत तेच. असं तीनदा झालं.

पावडर मी भरपूर घालते, सकाळ-संध्याकाळ. पण संध्याकाळी घडी उघडली की आत पावडरीच्या ओल्या गोळ्या झालेल्या असतात, त्या काढताना कातडी सोलवटते. आंघोळीनंतर टॉवेलने चांगलं घासून पुसते, तरी अर्ध्या तासात आत ओलं. घरात कपडेच वाळत नाहीत. दोरीवर तीन दिवस असलेला गाऊनसुद्धा हाताला गार लागतो. कुणाच्या घरी असं झालंय का? नक्की काय करावं?

स्कूटरवाला, फोंडा – ४ जुलै, ११:१५

ताई, मलाही दर पावसाळ्यात होतं. रोज फोंडा ते पणजी स्कूटर, वर रेनकोटची पँट. आत घामाने सगळं भिजतं आणि दोन्ही मांड्या आतून सोलून निघतात, चालताना पाय फाकून चालावं लागतं. मी निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावतो, थरच देतो. एकदम मस्त. तुम्ही आईंना तेच लावा, घर्षणच होणार नाही.

जुनंधोतर, डिचोली – ५ जुलै, सकाळी ६:५०

औषधाबिषधाची गरजच नाही. आमची आजी आजोबांचं जुनं धोतर फाडून पट्ट्या करायची आणि घडीत ठेवायची. मऊ सुती कापड घाम ओढून घेतं. वर हळद घातलेलं खोबरेल तेल. जन्मात कधी मलम लागलं नाही. दुकानातल्या पावडरी बंद करा आणि पट्टी ठेवा, सकाळी एक घातली की दिवसभर निर्धास्त.

बांबोळीची सिस्टर – ५ जुलै, दुपारी १:२०

मी त्वचारोग विभागात बरीच वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या ओपीडीत अशाच आया असायच्या. सल्ला देण्याआधी थोडं विचारते. लाजू नका, नीट बघून सांगा.

आईला पाठीवर झोपवा, घडी वर उचला आणि मोबाईलची बॅटरी लावून बघा. लाली गोमांसाच्या तुकड्यासारखी सरसकट ओलसर लाल आहे का? की कडेला खवले असलेली कड आणि मध्ये साफ झालेली कातडी, म्हणजे गजकर्णासारखं वर्तुळ? मुख्य लालीच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, तिळाएवढे सुटे लाल ठिपके किंवा पिवळट पुळ्या आहेत का? घडीच्या अगदी तळाशी पांढरट पापुद्रा किंवा बारीक चीर आहे का? वास येतो का?

दुसरं, त्या मलमाच्या नळीवर काय काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर इथे लिहा. तिसरं, शुगर आहे का, शेवटची तपासणी कधी, गोळ्या कोणत्या.

पाऊसपाणी, म्हापसा – ५ जुलै, रात्री ९:०५

सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसं बॅटरी लावून बघितलं. खरं सांगते, इतके दिवस मी नुसतं वरवर बघत होते. ओटीपोटाच्या घडीत सरसकट लाल आहे, चकचकीत, मध्ये साफ अशी जागा नाही. आणि तुम्ही म्हणालात ते ठिपके आहेत! लालीपासून बोटभर अंतरावर पोटावर सुटे सुटे, आठ-दहा तरी. दोन पिवळसर आहेत. तळाला पांढरट ओला थर, तो पुसला की खाली चीर. आंबूस वास येतो. डाव्या छातीखालीही तसंच, उजवीकडे कमी.

नळीवर क्लोबेटासॉल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफाईन लिहिलंय.

शुगर आहे. आई म्हणते थोडीच आहे. तपासणी दिवाळीच्या आधी झाली होती. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी गोळी बदलली, आता डॅपाग्लिफ्लोझिन आहे.

दुकानमागचा, मडगाव – ५ जुलै, १०:३०

मी फार्मासिस्ट आहे. ही चार औषधांची नळी आमच्याकडेही लोक नाव घेऊन मागायला येतात, कारण दुसऱ्या दिवशी आराम पडतो. तो आराम देणारं एकच औषध त्यात आहे, क्लोबेटासॉल. ते फार जोरदार स्टेरॉईड आहे. ते लाली आणि खाज दाबतं, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दाबतं. खाली बुरशी मजेत वाढत राहते. मलम थांबलं की दाब सुटतो आणि वाढलेली बुरशी सगळी वर दिसते. म्हणून तुम्हाला दुप्पट वाटतं.

त्यातलं टर्बिनाफाईन गजकर्णावर उत्तम आहे, पण सिस्टरनी सांगितलेले ठिपके असतील तर ती यीस्टची बुरशी, आणि लावायचं टर्बिनाफाईन यीस्टवर तितकं चालत नाही. म्हणजे नळीत चार औषधं असूनही ज्याची गरज आहे तेच नीट नाही. स्टेरॉईडची मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी दिली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घडीत तर औषध जास्तच मुरतं, कारण दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींवर दाबलेली असते. महिनोन्‌महिने लावलं तर तिथली कातडी कागदासारखी पातळ होते आणि गर्भारपणासारखे कायमचे पट्टे उमटतात.

बांबोळीची सिस्टर – ६ जुलै, सकाळी १०:१०

मडगावच्या दादांनी बरोबर सांगितलं. बाहेर सुटे ठिपके असलेली सरसकट लाली, तळाला पांढरट थर आणि आंबूस वास, हे यीस्टचं चित्र आहे. मात्र पंधरा-वीस दिवस स्टेरॉईड लागलेलं असताना नुसत्या दिसण्यावर मी पैज लावणार नाही. स्टेरॉईडने गजकर्णाची कडसुद्धा पुसली जाते. म्हणून एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि कातडी खरवडून तपासा म्हणावं. बोथट पात्याने थोडे कण काढतात, काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी कळतं. त्या आधी दोन-तीन दिवस कुठलंही बुरशीचं मलम लावू नका, नाहीतर असूनही दिसत नाही.

आता शुगरच्या गोळीबद्दल. डॅपाग्लिफ्लोझिन शुगर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे लघवीच्या जागी आणि जांघेत यीस्टला गोड खाद्य मिळतं. पोटाच्या घडीशी त्याचा थेट संबंध नाही, पण आईला खाली खाज किंवा पांढरं जाणं आहे का, हे एकांतात विचारा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना सांगायचं. आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून घ्या. 'थोडीच आहे' हे शब्द मी ज्या ज्या बाईकडून ऐकले, त्यांतल्या बऱ्याच जणींचा आकडा थोडा नव्हता.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत आणि नंतरही, घडी कोरडी कशी ठेवायची ते सविस्तर लिहिते, कारण औषध कितीही चांगलं असलं तरी हे चुकलं की परत येतं.

आधी घासणं बंद. टॉवेलने घासलेली कातडी ही खरचटलेली कातडी असते, बुरशीला तिथूनच वाट मिळते. सकाळी आणि रात्री कोमट पाण्याने, सौम्य साबण हाताने लावून, चांगला धुवून काढायचा. साबण घडीत राहिला तरी आग होते. मग मऊ कापडाने टिपायचं, दाबून उचलायचं, ओढायचं नाही. त्यानंतर आईला पाठीवर झोपवून तिनेच किंवा तुम्ही घडी वर धरायची आणि पंख्याखाली पाच ते दहा मिनिटं हवा लागू द्यायची. ही पाच मिनिटं सगळे टाळतात. केस वाळवायचं यंत्र असेल तर फक्त थंड हवेवर, हातभर लांबून. गरम हवा नको, शुगर असलेल्यांना कधीकधी चटका कळत नाही.

कोरडं झालं, हात लावल्यावर चिकट लागत नाही, एवढं झालं की मगच औषध. तेही पातळ, चोळल्यावर पांढरं दिसू नये इतकं. जाड थर म्हणजे परत ओलच.

पावडर सध्या बंद. ओल आली की पावडरीचं पीठ मळलं जातं आणि तो गोळा वाळूसारखा घासतो, तुम्ही स्वतःच लिहिलंय.

जुनंधोतर, डिचोली – ६ जुलै, दुपारी ४:००

मग धोतराच्या पट्टीचं काय? ती चालते की नाही? आणि खोबरेल तेलात बुरशी मारण्याचा गुण आहे असं मी स्वतः वाचलं आहे.

बांबोळीची सिस्टर – ६ जुलै, संध्याकाळी ६:४५

दादा, तुमची पट्टी अर्धी बरोबर आहे आणि ती अर्धी फार उपयोगाची आहे. तुमच्या आजी कापड किती वेळाने बदलायच्या, हे आठवून बघा. माझा अंदाज आहे दिवसभर एकच ठेवत नसाव्यात. सुती कापड घाम ओढतं, पण धरून ठेवतं. सकाळची पट्टी दुपारी ओली असते, आणि ओली पट्टी घडीत ठेवणं म्हणजे पोटीस बांधणं. दर दोन-तीन तासांनी बदलायची, ओली वाटली तर आधीच. एकच पदर, जाड घडी घालायची नाही. आणि पट्टी घडीच्या दोन्ही टोकांना चार बोटं बाहेर लोंबली पाहिजे, म्हणजे ओल बाहेरच्या टोकाकडे सरकते आणि हवेत उडते. आत पूर्ण खुपसलेली पट्टी काही कामाची नाही.

तेल मात्र नको. प्रयोगशाळेतल्या बशीत खोबरेलाने बुरशी मरत असेल, पण पोटाच्या घडीत तेल म्हणजे ओलीवर झाकण. हळदीनेही चीर पडलेल्या जागी आग होते आणि खरी लाली रंगाखाली झाकली जाते.

स्कूटरवाला, फोंडा – ६ जुलै, ७:२०

म्हणजे माझी जेली चूक?

बांबोळीची सिस्टर – ६ जुलै, ८:००

तुमच्यासाठी चूक नाही. तुमचं घर्षण आहे, तासाभराचं, कोरड्या आणि अखंड कातडीवर. तिथे जेलीचा पातळ थर दोन मांड्या घसरू देतो. पोहोचल्यावर रेनकोट काढून, पुसून, कोरडी चड्डी घाला. पण ज्या दिवशी मांडीवर लाली दोन-तीन दिवस टिकली, ठिपके आले किंवा कडेला वर्तुळ दिसलं, त्या दिवसापासून जेली बंद. आईंची घडी चोवीस तास मिटलेली आहे, म्हणून तिला जेली नको.

दोनलेकरं, साखळी – ६ जुलै, ९:३०

माझ्या पाच महिन्यांच्या बाळाच्या मानेच्या वळीतही असंच लाल आहे, दुधाचा ओघळ जातो तिकडे. हेच सगळं करायचं का? ताईंनी लिहिलेलं क्लोबेटासॉलचं मलम घरात आहे, थोडंसं लावू का?

दुकानमागचा, मडगाव – ६ जुलै, ९:४२

बाळाला ते मलम मुळीच नको, टिकलीएवढंही नको. मानेची वळी दूध प्यायल्यावर दरवेळी ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडी टिपा. दोन दिवसांत उतरलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पावडरही बाळाच्या मानेजवळ नको, ती श्वासात जाते.

पाऊसपाणी, म्हापसा – ८ जुलै, रात्री ११:००

आईला एकांतात विचारलं. महिनाभर खाली खाज आहे म्हणाली. "तुला काय सांगायचं गं" म्हणत रडलीच थोडी. मला फार वाईट वाटलं, मी रोज तिच्या शेजारी झोपते. उद्या तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. ती नळी मी फेकून दिली.

पाऊसपाणी, म्हापसा – १० जुलै, संध्याकाळी ५:३०

खरवडून तपासलं, यीस्टच निघाली, कळ्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या म्हणाले. एचबीएवनसी ९.४ आला. शुगरच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि खालच्या खाजेवर वेगळं औषध. घडीसाठी साधं क्लोट्रिमाझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, आणि लाली गेली तरी पुढे एक आठवडा. स्टेरॉईड बंद केल्यावर दोन-चार दिवस आग वाढेल असं आधीच सांगितलं, तसंच झालं. काल रात्री आई "ते जुनं मलमच आण" म्हणून हट्ट करत होती. ओल्या गार कापडाच्या घड्या दहा मिनिटं ठेवून लगेच वाळवलं, तेव्हा झोपली.

बांबोळीची सिस्टर – १० जुलै, ९:१५

इथेच बहुतेक जणी परत जुन्या नळीकडे वळतात. तुम्ही टिकलात, छान झालं. लाली झपाट्याने पसरू लागली, ताप आला, पू किंवा काळपट डाग दिसला, किंवा दिसतं त्याहून दुखतं फारच जास्त असं झालं तर मात्र वाट बघू नका, एचबीएवनसी ९ च्या वर असताना तर नाहीच. त्याच दिवशी रुग्णालय.

छातीखालच्या जागेसाठी एक विचारते. ब्रा कोणती, आणि वाळलेली असते का?

पाऊसपाणी, म्हापसा – ११ जुलै, सकाळी ८:२०

तार असलेली, सिंथेटिक. आणि वाळलेली असते असं मी समजत होते. आज सकाळी कपाटातली काढून खालची पट्टी गालाला लावून बघितली, गार ओली. वर कापड कोरडं आणि शिवणीत ओल.

बांबोळीची सिस्टर – ११ जुलै, १०:००

गाल हीच खरी परीक्षा, बोटांना कळत नाही. इलॅस्टिकची पट्टी आणि शिवण सगळ्यात शेवटी वाळते. सुती, तार नसलेली घ्या. धुतली की पंख्याखाली टांगायची, घालण्याआधी सुती कापडाच्या शिवणींवरून उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची, सिंथेटिकवर नाही. दुपारी एकदा बदलायची आणि रात्री काढून झोपायचं. खुर्चीत बसताना मऊ कापडाची पट्टी छातीखाली, टोकं बाहेर.

दुकानमागचा, मडगाव – ११ जुलै, १०:४०

सिस्टर, पावडरीबद्दल एक. मक्याच्या पिठाची पावडर यीस्टला खाद्य देते असं सगळे सांगतात, पण कातडीवर बघितलेल्या कामात तसं दिसलं नाही असं मी वाचलं आहे. बुरशीविरोधी औषध घातलेली पावडर बरं झाल्यावर, पुन्हा होऊ नये म्हणून, मी सुचवतो. तुम्ही सरसकट बंद म्हणता?

बांबोळीची सिस्टर – ११ जुलै, १२:३०

खाद्याचं मी सोडून देते, तुमचं बरोबर असेल. माझा आक्षेप गोळ्यांना आहे, त्या मी डोळ्यांनी शेकडो वेळा काढल्यात. बऱ्या झालेल्या, पूर्ण कोरड्या घडीत औषधी पावडर चिमूटभर आणि झटकून उरेल तेवढीच, याला माझी हरकत नाही. पण घरात 'चिमूटभर' कोणी घालत नाही, म्हणून मी शिकवत नाही. आपलं इथे एकमत होणार नाही असं दिसतं.

पाऊसपाणी, म्हापसा – २६ जुलै, रात्री ९:५०

सोळा दिवस झाले. पोटाच्या घडीतली लाली गेली, फिकट तपकिरी डाग राहिलाय. ठिपके आठव्या दिवसापर्यंत सुकले होते. रात्रीची खाज थांबली म्हणून आई झोपते, त्यामुळे मीही झोपते. मलम अजून आठवडाभर चालू ठेवते.

डाव्या छातीखाली मात्र रुपयाएवढी जागा अजून लाल आहे. मंगळवारी दिवसभर वीज नव्हती, पंखा बंद, तेव्हा परत थोडं ओलावलं. वीज नसली की मी जुन्या वर्तमानपत्राने वारा घालते, दहा मिनिटं, दोघी गप्पा मारत. पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांना परत दाखवायचंय. पट्ट्यांसाठी बाबांचं जुनं धोतर फाडलं, आईनेच काढून दिलं.

जुनंधोतर, डिचोली – २७ जुलै, सकाळी ७:०५

आत्याला विचारलं. आजी दिवसातून चार पट्ट्या बदलायची, परसात वेगळी दोरी होती त्यांच्यासाठी. हे मला माहीत नव्हतं. डाव्या बाजूचं काय निघालं ते कळवा.